केसांचं तेल : स्वयंपाकघरातून गाळ्यात

मागच्या भागात आपण मसाल्याच्या पॅकिंगबद्दल बोललो. त्यानंतर दोन-तीन गटांतल्या ताईंनी विचारलं, की आम्ही माक्याचं तेल करतो, त्याला पण तेच फूड लायसन्स चालतं का? तर आज त्याबद्दलच बोलू या. घरच्या गॅसवर, घरच्या कढईत होणारं केसांचं तेल परवाना असलेल्या छोट्या युनिटमध्ये न्यायचं, तर नेमकं काय बदलतं?

आधी त्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही चालत. फूड लायसन्स खायच्या पदार्थांना असतं. खोबरेल खाण्यासाठी म्हणून विकलं, तर ते अन्न. त्याच खोबरेलात माका, जास्वंद, कढीपत्ता कढवून ‘केसांसाठी’ म्हणून बाटली भरली, की ते सौंदर्यप्रसाधन झालं. सौंदर्यप्रसाधनांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो, आणि त्याखालचे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम. परवाना आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन देतं, पण अन्नवाला विभाग नाही, औषधवाला. एकाच इमारतीत दोन्ही बसतात, म्हणून चुकीच्या टेबलासमोर अर्धा दिवस जातो. तसंच अन्नप्रक्रिया उद्योगाची जी अनुदान योजना मसाल्याला, पापडाला मिळते, ती या तेलाला मिळत नाही. कर्ज-अनुदान बघायचं तर ते पंतप्रधान रोजगार निर्मिती किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात बघावं लागतं.

मी ज्या गटाबरोबर हे काम केलं, त्यांची गोष्ट सांगत सांगतच पुढं जाते, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. बारा बायकांचा गट. त्यातल्या एक मावशी गेली कित्येक वर्षं माक्याचं तेल करतात. ओढ्याच्या कडेला माका उगवतो, परड्यात जास्वंद आहे, कढीपत्ता आहे. आधी घरापुरतं, मग भावकीत, मग यात्रेत आणि तालुक्याच्या प्रदर्शनात. एका वेळी दोन लिटर, वीस बाटल्या. तालुक्याच्या एका दुकानदारानं ‘महिन्याला दोनशे बाटल्या द्या, पण बाटलीवर लायसन्स नंबर पाहिजे’ असं सांगितलं आणि तिथून विषय सुरू झाला. दुकानदाराचं चुकलं नव्हतं. बिगर परवान्याचं सौंदर्यप्रसाधन विकायला ठेवलं, तर तपासणीत तोही अडकतो.

पहिला निर्णय जागेचा नाही, मशीनचा नाही. पहिला निर्णय लेबलचा आहे. या गटाच्या जुन्या लेबलवर काय होतं ऐका : ‘आयुर्वेदिक केशतेल. केसगळती थांबते, कोंडा जातो, पांढरे केस काळे होतात, टकलावर नवीन केस येतात.’ छापखान्यातल्या पोरानं दुसऱ्या कुठल्या तरी लेबलवरून उचलून दिलं होतं, आणि सगळ्यांना ते भारीच वाटलं होतं. पण कायद्याच्या नजरेत सौंदर्यप्रसाधन म्हणजे काय? जे लावल्यानं स्वच्छता येते, सौंदर्य वाढतं, आकर्षकपणा येतो, रूप बदलतं. एवढंच. तुम्ही एखादा विकार बरा होतो असं म्हणालात, की तो माल औषध ठरतो. म्हणजे बाटलीतलं तेल तेच, पण लेबलवरच्या एका ओळीनं परवान्याचा प्रकार बदलतो.

मग ‘आयुर्वेदिक’ म्हणूनच करावं का? ती वाट आहे. आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना वेगळा, त्याचे नियम वेगळे. त्यात तेल ग्रंथोक्त कृतीनं तरी केलेलं हवं, नाहीतर स्वतःच्या कृतीसाठी जास्तीची कागदपत्रं द्यावी लागतात. कारखान्यावर त्या विषयातला शिकलेला पूर्ण वेळ माणूस लागतो, आणि जागाही मोठी. आणि एवढं करूनसुद्धा टकलावर केस येतात, पिकलेले केस काळे होतात असं छापता येतच नाही. टक्कल, केसांचा रंग बदलणं, नवीन केस उगवणं हे औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात आहे, आणि त्यातले विकार बरे करण्याचा दावा कुठल्याच औषधाला करता येत नाही. म्हणजे ज्या ओळीसाठी आयुर्वेदिकचा खटाटोप करायचा, ती ओळ तिथंही मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की महिन्याला पन्नास लिटरच्या आतल्या गटानं सौंदर्यप्रसाधनाचाच परवाना घ्यावा.

आमच्या गटानं लेबल बदललं. आता त्यावर आहे : ‘माका, जास्वंद व कढीपत्ता घातलेलं केसांचं तेल. केस मऊ व चमकदार राहण्यासाठी, मालिशसाठी.’ मावशी नाराज झाल्या. म्हणाल्या, ‘अगं, माझ्या सुनेचे केस या तेलानंच आले बाळंतपणानंतर.’ बाळंतपणानंतर गळलेले केस बहुतेकींचे काही महिन्यांत आपसूकही परत येतात, हे मी त्यांना सांगितलं, ते काही त्यांना पटलं नाही. पण लेबल बदललं. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, ज्या बायका तेल नेत होत्या त्या अजूनही नेतात. त्या लेबल वाचून नेतच नव्हत्या.

आता दुसरा प्रश्न, आणि हा मला सगळ्यात नाजूक वाटतो. परवाना कुणाच्या नावावर?

बचत गट म्हणजे बँकेत खातं, शिक्का, ठराववही. पण बहुतेक गटांची कायद्याखाली वेगळी नोंदणी नसते. परवाना मात्र व्यक्तीला, भागीदारी संस्थेला, कंपनीला किंवा सहकारी संस्थेला मिळतो, ज्याला उद्या जबाबदार धरता येईल अशा कुणाला तरी. सोपी वाट दिसते ती म्हणजे एका ताईच्या नावावर घेऊन टाकू. तेलाची कृती मावशींची, जागा तिसरीची, पैसा बारा जणींचा आणि परवाना एकीच्या नावावर. चार वर्षांनी त्या घरात वाटणी झाली किंवा मुलानं ‘आईचं युनिट’ म्हणून ताबा घेतला, तर बाकीच्या अकराजणींच्या हातात काय उरतं? पासबुक.

इथं बारापैकी पाचजणी रोज काम करायला तयार होत्या. त्या पाचजणींनी भागीदारी संस्था केली. भागीदारी करारात लिहून घेतलं, की गटानं दिलेले पैसे हे कर्ज आहे, त्याचं व्याज किती, परतफेड कधी. मावशींच्या कृतीबद्दल त्यांना दर लिटरमागं ठरावीक रक्कम, त्या कामाला आल्या नाहीत तरी. एखादी भागीदार सोडून गेली तर तिचा हिस्सा कसा मोजायचा, तेही लिहिलं. वकिलाकडं दोन फेऱ्या झाल्या. ‘घरातल्या घरात कशाला एवढं’ असं दोघी म्हणाल्या, पण सह्या झाल्या. नोंदणी फर्म्सच्या निबंधकाकडं केली. उद्यम नोंदणीही केली. ती ऑनलाइन आणि फुकट आहे, तिला कुणाला पैसे देऊ नका.

आता जागा. माझ्याकडं येणाऱ्या दहापैकी आठजणी म्हणतात, ‘आमची मागची खोली रिकामी आहे, तिथं करू.’ नियम असा आहे, की कारखान्याची जागा राहण्यासाठी वापरायची नाही आणि राहत्या घराला जोडलेलीही असायला नको. ‘जोडलेली’ म्हणजे आतून दार. मागची खोली स्वतंत्र बाहेरून दार असलेली असेल, मधलं दार विटांनी बंद केलेलं असेल, तर विचार होऊ शकतो. पण स्वयंपाकघरातून वाट असेल तर सरळ नाही. क्रीम, शाम्पू, केसांचं तेल या प्रकारासाठी नियमांत २५ चौरस मीटर जागेची शिफारस आहे. म्हणजे साधारण २७० चौरस फूट, अठरा बाय पंधराची खोली. जमिनीपासून सहा फुटांपर्यंत भिंती पाणी न शोषणाऱ्या आणि धुता येतील अशा, फरशी गुळगुळीत, पिण्यालायक पाणी, सांडपाण्याचा निचरा. आम्हाला गावातल्या सोसायटीचं जुनं गोदाम भाड्यानं मिळालं. भाडेकरार नीट लेखी करून घेतला. गोदामात खताचा वास मुरला होता, तो जाईपर्यंत प्लास्टर खरवडावं लागलं. तेल वास ओढून घेतं, म्हणून त्यात कंजुषी करता येत नाही.

एक गोष्ट इथं सांगून ठेवते. आधी फरशी बसवून मग अधिकाऱ्यांना बोलवू नका. आधी खोलीचा नकाशा कागदावर काढा. कच्चा माल कुठं, निवडणं-वाळवणं कुठं, शेगडी कुठं, गाळणं, भरणं, तयार बाटल्या कुठं, हात धुवायची जागा कुठं. माल एका दारानं आत येऊन दुसऱ्या टोकाला बाहेर पडला पाहिजे, ओली पानं आणि भरलेली बाटली एकमेकींना भेटायला नको. तो कागद घेऊन जिल्ह्याच्या औषध विभागात जा आणि दाखवा. आमच्या नकाशात हात धुवायचं बेसिन भरायच्या टेबलाला लागून होतं. ते दाराजवळ न्यायला सांगितलं. कागदावर बदलायला पाच मिनिटं लागली. नळ बसल्यावर सांगितलं असतं, तर प्लंबर आणि फरशी दोन्हीचा खर्च होता.

अर्ज ऑनलाइन होतो, ‘सीओएस-५’ या नमुन्यात, आणि मंजूर झाल्यावर परवाना मिळतो तो ‘सीओएस-८’. सोबत आपण नियमांप्रमाणे चांगली उत्पादन पद्धत पाळतो असं स्वतःचं हमीपत्रही असतं. परवाना एकदा मिळाला की कायम राहतो, फक्त दर पाच वर्षांनी तो चालू ठेवायची फी भरायची. अर्जात सगळ्यात जास्त अडतं ते तांत्रिक व्यक्तीपाशी. उत्पादन एका पात्र, पूर्ण वेळ व्यक्तीच्या देखरेखीखाली झालं पाहिजे. फार्मसीचा डिप्लोमा झालेली व्यक्ती त्याला चालते. गावातल्या एका भागीदार ताईची धाकटी जाऊ डिप्लोमा करून घरी बसली होती, तिला पगारावर घेतलं. काही ठिकाणी नुसतं सर्टिफिकेट भाड्यानं आणतात, नाव एकाचं आणि तो माणूस कधी गावात दिसतही नाही. तसं करू नका. तपासणीच्या दिवशी पहिला प्रश्न त्याच व्यक्तीला विचारतात, आणि तेलाची कृती तिला सांगता आली नाही तर सगळं तिथंच थांबतं.

ज्यांना हे सगळं झेपणार नाही त्यांच्यासाठी मधली एक वाट आहे, तिला ‘लोन लायसन्स’ म्हणतात. नावात लोन असलं तरी कर्जाशी संबंध नाही. दुसऱ्या कुणाच्या परवानाधारक युनिटमध्ये, त्यांच्या यंत्रांवर, आपलं तेल आपल्या नावानं करून घ्यायचं. त्याचा अर्ज वेगळा, पण जागा आणि यंत्रांचा खर्च वाचतो. महिन्याला वीस लिटरच जात असेल, तर मी तरी हेच सुचवीन.

आता तेलाकडं येऊ. कारण परवाना मिळाला म्हणजे तेल जमलं असं नाही. दोन लिटरचं तेल वीस लिटर करताना सगळं दहापट केलं की झालं, असं वाटतं. तसं होत नाही.

मावशींची कृती अशी होती : निम्मं खोबरेल, निम्मं तिळाचं तेल, मिळून दोन लिटर. त्यात एक लिटर माक्याचा रस, मूठभर जास्वंद, दोन मुठी कढीपत्ता, वाटून. मंद आचेवर रस आटेपर्यंत कढवायचं. पहिलं काम केलं ते मावशींच्या मुठी तोलायचं. तीनदा तेल करायला लावलं आणि प्रत्येक वेळी मूठ काट्यावर ठेवली. एकदा ४० ग्रॅम, एकदा ६५. मावशी म्हणाल्या, ‘फुलं बारीक होती म्हणून जास्त घेतली.’ म्हणजे त्या मनात काही तरी मोजतच होत्या, फक्त ते कागदावर नव्हतं. पावसाळ्यातला माका पाणीदार, उन्हाळ्यातला रखरखीत. म्हणून जास्वंद आणि कढीपत्ता सावलीत वाळवून वजनानं घ्यायचं ठरलं, आणि माका तेवढा ताजा, पण रस मापानं.

तेल खराब होण्याचं मुख्य कारण एकच, आत राहिलेलं पाणी. रस पूर्ण आटला नाही, तर पानांचा बारीक गाळ आणि ते पाणी मिळून बाटलीच्या तळाशी बसतात, तिथं बुरशी धरते, तेलाला आंबूस वास येतो. घरी हे कळायचं नाही, कारण दोन लिटर तेल महिन्यात संपायचं. दुकानात तीच बाटली सहा महिने उभी असते.

पाणी संपलं हे मावशी कसं ओळखायच्या? कापसाची वात तेलात बुडवून पेटवायच्या. तडतडली तर पाणी आहे, शांत जळली तर तेल झालं. शिवाय पानांचा चोथा बोटांत वळून बघायचा, त्याची वात वळली पाहिजे. या परीक्षा जुन्या आहेत आणि खऱ्या आहेत, आयुर्वेदाच्या ग्रंथांतही तेल सिद्ध झाल्याच्या याच खुणा दिल्या आहेत. आम्ही त्या सोडल्या नाहीत. फक्त सोबत लांब दांडीचा थर्मामीटर घेतला. गंमत बघा. जोवर तेलात पाणी आहे, तोवर कितीही वेळ उकळलं तरी पारा शंभरच्या आसपासच घुटमळतो, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पाणी संपत आलं की खळखळ मंदावते आणि पारा एकदम चढायला लागतो. तो ११० कडं सरकला की वात लावून बघायची आणि आच बंद. मावशींनी तीन वेळा वात आणि पारा एकत्र बघितले, तिन्ही वेळा जुळले. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी नसले तरी चालंल.’ ते त्यांनी कौतुकानं म्हटलं की दुखावून, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून तर करारातली ती दर लिटरची रक्कम.

वीस लिटर तेलात दहा लिटर रस. घरी एक लिटर रस पाऊण-एक तासात आटायचा. इथं मंद आचेवर पाच तास लागतात. उकळताना फेस वर येतो, म्हणून तीस लिटरला साठ लिटरचं भांडं, अर्ध्याच्या वर भरायचं नाही. ऊतू गेलेलं तेल शेगडीवर गेलं तर पेट घेतं, आणि तापलेल्या तेलावर पाणी मारायचं नसतं, हे कामाला येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगायचं. चोथा जड असतो, तो तळाशी बसून करपतो. करपलं की तेल काळपट होतं आणि त्याला जळका वास राहतो, तो कुठल्याही सुगंधानं झाकत नाही. म्हणून दुहेरी तळाचं भांडं घेतलं आणि ढवळायला पाळ्या लावल्या, अर्ध्या तासाला एक जण.

दुसरं म्हणजे, दोन लिटर तेल आच बंद केली की तासाभरात निवतं. वीस लिटर तेल रात्रभर गरम राहतं, आणि चोथा आत असेल तर शिजतच राहतो. पहिल्या चाचणीच्या घाणीत तेल संध्याकाळी सोनेरी-हिरवं होतं, सकाळी तपकिरी. म्हणून आता आच बंद केल्यावर तेल जरा उतरलं, ऐंशीच्या खाली आलं, की लगेच कापडानं गाळून घेतात. मग झाकलेल्या स्टीलच्या टाकीत तीन दिवस संथ ठेवायचं. टाकीची तोटी तळापासून चार बोटं वर आहे, म्हणजे गाळ खालीच राहतो. सुगंध घालायचा तो तेल पूर्ण निवल्यावर, नाहीतर उडून जातो.

मावशींची लोखंडी कढई आम्ही सोडली. लोखंड आणि तांबं दोन्ही तेलाला लवकर खवट करतात. घरी महिनाभरात संपणाऱ्या तेलाला त्यानं फरक पडत नव्हता. वर्षभर टिकायच्या तेलाला पडतो. ती कढई आता मावशींच्या घरी पिठल्याला आहे.

बाटल्या धुतल्या तर पूर्ण वाळवायच्या. आत पाण्याचा एक थेंब राहिला तरी पाच तासांचं आटवणं वाया. आणि भरायचं ते मापानं नाही, वजनानं. गरम तेल फुगलेलं असतं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली दिसते आणि दुकानात जाऊन निवल्यावर उणी होते. मग वैधमापनवाले विचारतात. शंभर मिलिलिटर तेलाचं वजन साधारण ९२ ग्रॅम भरतं. तुमच्या मिश्रणाचं एकदा निवलेल्या तेलावर नीट मोजून घ्या, आणि दरवर्षी मुद्रांकन झालेल्या काट्यावर भरा.

आता बॅच. एका वेळी एका भांड्यात झालेलं सगळं तेल म्हणजे एक बॅच, तिला एक नंबर. तो नंबर प्रत्येक बाटलीवर. त्याच नंबरचं एक पान वहीत : खोबरेल कुणाकडून, कोणत्या बिलाचं, रस किती, किती वाजता चढवलं, पारा कधी किती, कुणी ढवळलं, किती बाटल्या भरल्या, किती फुटल्या. ही नोंद किमान तीन वर्षं जपायची असते. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या कपाटात ठेवतात. दुकानातून तक्रार आली तर कपाटातली बाटली उघडून बघता येते, की तेलच बिघडलं की दुकानदारानं उन्हात ठेवलं.

प्रत्येक बॅचची तपासणीही करावी लागते. स्वतःची प्रयोगशाळा नसेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी ठरवून. केसांच्या तेलासाठी भारतीय मानक आहे, आयएस ७१२३. त्याप्रमाणं आम्लता, खवटपणा अशा गोष्टी बघतात. आणि इथंच हिशोब बदलतो. समजा एका बॅचच्या तपासणीला दोन हजार रुपये पडले. दोन लिटरच्या बॅचमधून वीस बाटल्या निघतात, म्हणजे बाटलीमागं शंभर रुपये नुसते तपासणीचे. धंदा तिथंच संपला. वीस लिटरच्या बॅचमधून दोनशे बाटल्या, म्हणजे बाटलीमागं दहा रुपये. तेव्हा भांडं मोठं घेण्यामागं हौस नव्हती. ‘पहिल्यांदा लहान युनिट टाकू, मग वाढवू’ असं जेव्हा ताई म्हणतात, तेव्हा मी त्यांना आधी हा भागाकार करायला लावते. महिन्याला किमान दोन मोठ्या बॅच जातील एवढी विक्री हातात नसेल, तर अजून थोडं थांबावं.

पगार, भाडं, तपासणी, बाटली, लेबल हे सगळं धरून आमच्या गटाला जुनी किंमत ठेवता आली नाही. शंभर मिलिलिटरला तीस रुपये वाढवावे लागले. यात्रेतली काही गिऱ्हाइकं तुटली. गावातल्या बायका म्हणाल्या, ‘तेच तेल, आणि आता महाग.’ ते खरं आहे, त्यांच्यासाठी तेच तेल आहे. त्यांनी रिकामी बाटली आणली तर स्वस्तात भरून द्यावं का, यावर गटात बरीच चर्चा झाली. पण सुट्ट्या तेलाला लेबल नाही, बॅच नंबर नाही, म्हणून तसं द्यायचं नाही असं ठरलं. मावशींच्या घरच्या माणसांपुरतं तेल त्या अजून घरी करतात. ते विकत नाहीत, त्याला कुणाची हरकत नाही.

लेबलचं राहिलंच की. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी, किती आहे ते, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, सर्व करांसहित किंमत, तक्रारीसाठी फोन. छापायला टाकण्याआधी ते कच्चं लेबल तांत्रिक व्यक्तीकडून एकदा वाचून घ्या. आणि एक ओळ आमच्या गटानं स्वतःहून घातली. पहिल्या थंडीत दुकानदाराचा फोन आला, की तुमचं तेल खराब झालं, खाली पांढरं पांढरं गोठलंय. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजायला लागतं, आणि आपल्याकडं डिसेंबरात रात्री त्याच्या खूप खाली जातं. म्हणून आता बाटलीच्या मागं लिहिलंय : ‘थंडीत तेल गोठल्यास बाटली कोमट पाण्यात ठेवावी.’ झाकण घट्ट लावून, असंही पुढच्या छपाईत घालायचंय, कारण एका ताईंनी झाकण उघडं ठेवूनच बाटली पाण्यात बसवली होती.

ज्यांना खोलीचा नकाशा काढून हवाय त्यांनी महिन्याच्या बैठकीला खोलीची लांबी-रुंदी, दारं-खिडक्या कुठं आहेत हे मोजून लिहून आणा. आपण तिथंच कागदावर काढू. पुढच्या भागात शाम्पूबद्दल बोलायचंय, कारण या गटाला आता तो करायचाय, आणि तेलाच्या परवान्यावर तो आपोआप करता येत नाही, परवान्यात तो वाढवून घ्यावा लागतो.